दरवर्षी परत येणारा चेक

तोंडावर सगळे त्यांना 'सर' म्हणत आणि पाठ फिरली की 'बाउन्स मास्तर'. हे नाव कुणी ठेवलं याचा शोध लागला नाही, पण ते इतकं चपखल बसलं होतं की एकदा त्यांच्या घरी आलेल्या कुरिअरवाल्यानंसुद्धा शेजारणीला विचारलं, "बाउन्स मास्तर इथंच राहतात का?" शेजारणीनं बोट दाखवलं आणि मग दार लावून पोटभर हसून घेतलं.

नाव पडायला कारणही तसंच होतं. मास्तर कॉमर्सच्या मुलांना चेक शिकवत. पुस्तकातून कुणीही शिकवतं. मास्तर खरा चेक फाडत, खरा फिरवत आणि खरा बाउन्स करून दाखवत. दरवर्षी एक. बँकेतून परतीची चिठ्ठी आली, 'अपुरी शिल्लक' अशी, की ती वर्गात हातोहात फिरे आणि मुलं नवजात बाळ बघावं तशी ती बघत. बँक त्याचा दंड कापून घेई. त्याला मास्तर 'माझी फी' म्हणत.

वर्ग भरायचा झेरॉक्सच्या दुकानावरच्या लांबट खोलीत. खालून मशीनचा घरघराट आणि गरम शाईचा वास वर येई. सात बाकं, एक फळा आणि खिडकीत कुणाची तरी विसरलेली छत्री. यंदा चेकच्या दिवशी मास्तर आले, खडू झटकला, खिशातून चेकबुक काढलं आणि पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीकडे बघून म्हणाले, "ऊठ. तू आज श्रीमंत होणार आहेस."

"किती वेळासाठी, सर?" मागून आवाज आला.

"शहाणा आहेस. परतीची चिठ्ठी येईपर्यंत."

त्यांनी चेकवर चष्मेवालीचं नाव लिहिलं. नावापुढे छापलेला 'धारकास' हा शब्द खोडला. "हा शब्द ठेवला तर ज्याच्या हातात चेक, त्याचे पैसे. रस्त्यात पडला तर उचलणाऱ्याची दिवाळखोरी टळली. आता खोडला. आता पुढे सरकवायचा तर पाठीवर सही लागते. त्यालाच एन्डॉर्समेंट म्हणतात." मग रक्कम लिहिली. आकड्यात, अक्षरात. रक्कम दरवर्षी तीच असे, आणि तीच का, हे मुलांना ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसांना ठाऊक होतं. त्याकडे येऊच.

चष्मेवालीनं चेक उलटा केला, पाठीवर बाकावरच्या शेजारणीचं नाव लिहून खाली सही केली आणि तिच्या हातात ठेवला. शेजारणीनं तसंच पुढच्याला. चौथ्याला कंटाळा आला, त्यानं नुसती सही ठोकली.

"थांबा!" मास्तरांचे डोळे चमकले. "या गाढवानं काय केलं बघा. कुणाला द्यायचे ते लिहिलंच नाही. कोरी सही. म्हणजे मी मघाशी जे खोडलं ते यानं परत आणलं. आता हा चेक पुन्हा ज्याच्या हातात त्याचा. वारा आला आणि खिडकीतून गेला तर खालचा झेरॉक्सवाला मालक."

"मग आता?"

"आता ज्याच्या हातात आहे त्यानं त्या सहीच्या वर आपलं नाव भरावं. चालतं कायद्याला. भर."

हातोहात चेक शेवटच्या बाकावर पोहोचला. तिथं बसायची लेथवाल्याची मुलगी. बापाचं लेथचं वर्कशॉप, लोखंड कातायची दोन मशीन, त्यातलं एक बंद. तिच्या वहीला नेहमी ग्रीसचा डाग असे. ती उभी राहिली.

"सर, एवढ्या सह्या झाल्या. चेक परत आला तर कोण अडकणार?"

"मी तर आहेच. पण प्रत्येक सही करणारा आपल्या मागून आलेल्यांना हमी देत असतो. माझा चेक वटला नाही तर तुला तुझ्या आधीच्या सहीवालीला धरता येतं, तिला तिच्या आधीच्याला. फक्त वेळेवर कळवावं लागतं, बाबा रे, चेक परत आलाय. आणि तुमच्यातल्या निम्म्यांना अठरा पूर्ण नाहीत. त्यांच्या सहीनं चेक पुढे जातो, पण त्यांच्यावर काही येत नाही."

"म्हणजे लहान असण्यात फायदा आहे," मागचा आवाज.

"लहान असण्यातच फायदा असतो," मास्तर म्हणाले.

मग क्रॉसिंग. "आता हा धोंडा रस्त्यानं बँकेत न्यायचा. हरवला तर? म्हणून डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा. रेघा मारल्या की काउंटरवर रोख मिळत नाही. पैसे कुणाच्या तरी खात्यातच जमा होतात. चोरानं नेला तरी चोराचं खातं सापडतं. आणि रेघा मी मारल्या नसल्या तरी ज्याच्या हातात चेक आहे तो मारू शकतो. मार."

लेथवाल्याच्या मुलीनं पट्टी लावून रेघा मारल्या. इतक्या सरळ की बापाच्या मशीनवर कापल्यासारख्या. मग विचारलं, "मध्ये 'फक्त आदात्याच्या खात्यात' लिहू का? जास्त सुरक्षित."

"लिहिलंस की संपलं. मग बँक फक्त आदात्याच्या, म्हणजे जिचं नाव मी पुढे लिहिलं त्या चष्मेवालीच्या खात्यातच जमा करणार. तुमच्या या सगळ्या सह्या पाण्यात. नुसत्या रेघा ठेव."

"पण सर, माझं खातंच नाही."

"वडिलांचं?"

"आहे. वर्कशॉपचं."

"मग त्यांना एन्डॉर्स कर. उत्तम. एक सही वाढली." मास्तर खूश झाले. दरवर्षी शेवटच्याकडे खातं असे. यंदा उदाहरण आणखी लांबलं. "बँकेत सगळे ओळखतात मला. सांग, मास्तरांचा आहे. काय करायचं ते त्यांना ठाऊक आहे."

कुणीतरी विचारलं, दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "सर, तुमच्यावर केस नाही का होणार?"

"देणं असेल तर होते. मी तिचं काही देणं लागत नाही. देणं नसताना दिलेला चेक परत आला तर गुन्हा नाही. देणं असेल तर मात्र नोटीस येते. नोटीस हातात पडल्यावर पंधरा दिवसांत पैसे भरले तर प्रकरण मिटलं. नाही भरले..." ते थांबले आणि फळा पुसायला लागले.

आता थांबावंच लागेल, कारण या पंधरा दिवसांशी त्यांचं जुनं वैर होतं.

मास्तरांचा एकुलता एक मुलगा. हुशार, गोड बोलणारा आणि धंद्यात कच्चा. सुट्या भागांची एजन्सी काढली, उधारीवर माल उचलला, चेक दिला, चेक परत आला. घरी नोटीस आली. मास्तरांकडे पैसे होते. मुलानं मागितले. आईनं पदर पसरला. मास्तर म्हणाले, "सही तुझी, जबाबदारी तुझी. एकदा चटका बसू दे, आयुष्यभर लक्षात राहील." पंधरा दिवस त्यांनी पैसे बँकेत तसेच पडू दिले. सोळाव्या दिवशी मुलानं त्यांच्याकडे बघितलं, तो चेहरा त्यांनी नंतर कुणाला सांगितला नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण मास्तर पडले मास्तर. त्या वर्षी वर्गात 'नोटीस कशी असते' हे दाखवायला त्यांनी घरातलीच नोटीस नेली. नाव झाकून. नाव झाकून काय होतंय? वर्गातल्या एकाचा मामा त्याच कोर्टात कारकून. संध्याकाळपर्यंत गावभर. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

मुलगा शिक्षा भोगून सुटला आणि घरी आलाच नाही. दुसऱ्या शहरात गेला. आईला कधीमधी फोन करी. बापाला नाही. आणि बाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. म्हणजे अगदी मौन नाही. त्या मांजरीमार्फत बोलत. "मने, सांग त्यांना, भात थंड होतोय." "मने, विचार, गिरणीत कोण जाणार आहे." मांजर बिचारी दोघांच्या मध्ये बसून मिशा पुसे. शेजारीण म्हणायची, या घरात सगळ्यात जास्त कायदा मांजरीलाच कळतो.

चेकची रक्कम तीच का, ते आता कळलं असेल. मुलाच्या परत आलेल्या चेकवर होती तीच. आणि खातं होतं बापलेकांच्या दोघांच्या नावचं, मुलगा कॉलेजात असताना उघडलेलं. त्यात दंडापुरतं सोडलं तर काही नसे. लोक म्हणत, बघा, पोटच्या पोराची दरवर्षी धिंड काढतो. त्याच खात्यावर, त्याच रकमेचा, आणि तोही परत यायलाच. असा बाप शत्रूला नको.

लोकांना अर्धंच माहीत असतं, म्हणून तर गप्पांना रंग येतो.

खरं असं होतं की मास्तरांनी ते खातं बंद केलं नव्हतं, कारण मुलाला तेवढंच खातं तोंडपाठ होतं. कधीतरी तो त्यात काही टाकेल. पैशाची हाव नव्हती. टाकलं म्हणजे तोंड उघडलं. पण काउंटरवर जाऊन 'काही जमा आहे का हो' विचारायचं? तिथं बसलेला कॅशियर मुलाचा शाळासोबती. त्याच्यासमोर मान खाली घालायची? मास्तरांच्या मानेत तो सांधाच नव्हता. त्यामुळे दरवर्षी शिकवायच्या निमित्तानं ते चेक पाठवत. चिठ्ठी परत आली, 'अपुरी शिल्लक', की मुलं टाळ्या वाजवत. मास्तर हसत, आणि घरी येऊन जेवत नसत. मुलाकडून यंदाही काही नाही, एवढंच त्या चिठ्ठीत लिहिलेलं असे.

यंदा चिठ्ठी आलीच नाही.

एक दिवस गेला, दुसरा गेला. मुलं विचारायला लागली. तिसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर लेथवाल्याची मुलगी थांबली. ग्रीसचा डाग असलेली वही छातीशी धरून.

"सर, चेक वटला."

मास्तरांच्या हातातला खडू पडला. तुकडे झाले, पण ते वाकले नाहीत.

"वटला म्हणजे?"

"पास झाला. बाबांच्या खात्यात जमा झाला."

मास्तर बाकावर बसले. मुलीला वाटलं चक्कर आली. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं की तिनं नंतर आईला सांगितलं, सर मला पहिल्यांदा माणसासारखे दिसले. "जमा झाले," ते स्वतःशीच म्हणाले. "त्यानं टाकले." मग एकदम, "बरं. बरं झालं. वडिलांना सांग, काढून दे. आजच दे. मला ते..."

मुलगी रडायला लागली.

"बाबा गेले होते काढायला, सर. ओव्हरड्राफ्टचं व्याज थकलंय. जमा झाले तसे बँकेनं वळते करून घेतले. मॅनेजर म्हणाले, खात्यात आलं ते आमच्या कर्जात गेलं. बाबांनी पाया पडून सांगितलं, हे शिकवणीतलं आहे, खोटं खोटं आहे. ते म्हणाले, चेक खोटा आहे का? सही खोटी आहे का? मग पैसे खोटे कसे?"

मास्तरांना मॅनेजरचा राग आला नाही. त्यांनीही तेच उत्तर दिलं असतं. वर्गात दिलंही असतं, टाळ्या घेत.

"मी रेघा मारल्या नसत्या तर," मुलगी हुंदके देत म्हणाली, "काउंटरवर रोख मिळाले असते. मी तशीच तुमच्याकडे घेऊन आले असते."

"रेघा मी मारायला सांगितल्या," मास्तर म्हणाले. "तू गप्प घरी जा."

संध्याकाळी लेथवाला स्वतः आला. हात धुऊन आला होता तरी नखांत काळं होतं. खिशातून चेकबुक काढून म्हणाला, "सर, पुढच्या तारखांचे लिहून देतो. दरमहा एक. मी बुडवणारा माणूस नाही."

"चेक नको," मास्तर म्हणाले. "देवासारखा माणूस आहेस, पण चेक नको. जमेल तेव्हा हातात आणून दे. नाही जमलं तरी मी येणार नाही मागायला."

लेथवाला गेला. बाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मांजर पायाशी होती, पण त्या मांजरीकडे बघत नव्हत्या. भिंत धरून त्या खाली बसल्या.

"मने," त्या म्हणाल्या, आणि आवाज फुटला. "मने, त्यांना विचार, त्यांनी तो पैसा कशाला उचलला."

"उचलला नाही," मास्तर म्हणाले. "मला माहीतच नव्हतं."

"मला माहीत होतं." हे मांजरीला नव्हतं. "त्याचा फोन आला होता. म्हणाला, आई, तेवढेच टाकलेत, जेवढे तेव्हा हवे होते. बाबांनी बघितलं की त्यांचा एक फोन येऊ दे. दुसरं काही नको. मी येतो घरी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"मी बोलते का तुमच्याशी? मला वाटलं, पासबुक भराल, बघाल. माणूस आपलं खातं बघतो ना कधीतरी! कुणाला माहीत नेमका याच दिवसांत तुमचा तो चेक जाईल ते?"

 मास्तरांच्या मनात आलं, आत्ता फोन करू. त्यांनी बाईंचा मोबाइल मागितला. बाईंनी दिला नाही, मान हलवली.

"दुपारी आला त्याचा फोन. त्याआधी कालही आला होता. काल इतका हसत होता! बँकेचा मेसेज गेला होता त्याला, रक्कम उचलली म्हणून. म्हणाला, बाबांनी घेतले. घेतले ना गं त्यांनी! तिकीट बघतो, म्हणाला. मी शिरा करायचा म्हणून रवा काढून ठेवला." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आज त्यानं कॅशियरला फोन केला होता. त्याचा दोस्त ना. तो हसत हसत म्हणाला, अरे, तो तर तुझ्या बापाचा वर्गातला चेक. पोरं सह्या करतात, मग बाउन्स करून खिदळतात. यंदा फसला डाव. मग मला फोन केला आणि एवढंच विचारलं, आई, याही वर्षी?"

"तू काय सांगितलंस?"

"मला काय ठाऊक होतं सांगायला?"

 मास्तरांनी तेव्हा ती सगळी हकिकत सांगितली. खातं का ठेवलं, रक्कम तीच का, चिठ्ठी आल्यावर जेवण का जात नाही. वर्षानुवर्षं वर्गात घसा कोरडा करणारा माणूस अडखळत, शब्द शोधत बोलत होता. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे त्याला सांगायचं होतं. मला नाही."

मास्तरांनी फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी. मग तो नंबर लागेनासा झाला. बाईंच्या मोबाइलवरूनही लागेना. कॅशियर मात्र स्वतःहून घरी आला, बाहेरच्या पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मी थट्टेनं बोललो. मला काय माहीत!" मास्तर म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. सगळ्या गावाला जे माहीत होतं तेच तू सांगितलंस." त्यांनी त्याच्याकडून मुलाचा पत्ता तेवढा घेतला.

मग मास्तरांनी आपल्या म्हातारपणासाठी ठेवलेल्या खात्यावरचा एक चेक फाडला. मुलाचं नाव लिहिलं. रक्कम तीच. कोपऱ्यात दोन रेघा मारल्या आणि या वेळी मध्ये लिहिलं, 'फक्त आदात्याच्या खात्यात'. म्हणजे त्याच्याशिवाय कुणाच्याही खात्यात जायला नको. सोबत चिठ्ठी लिहिली, चार वेळा फाडली, पाचव्यांदा दोनच ओळी राहिल्या. 'तेव्हा देता येत होते. दिले नाहीत.' पाकीट रजिस्टरनं पाठवलं. पोहोचल्याची पोचपावती आली, मुलाच्या सहीची. ती सही मास्तरांनी किती वेळा बघितली, ते मांजरीलाच ठाऊक.

आणि मास्तर बँकेत जायला लागले. सरळ काउंटरवर, कॅशियरसमोर, मान खाली घालून. "आला का रे?"

"नाही, सर."

वर्गात मुलांनी विचारलं, सर, परतीची चिठ्ठी कधी दाखवणार? ते म्हणाले, यंदा चिठ्ठी नाही. मागचा आवाज म्हणाला, म्हणजे सर श्रीमंत झाले! सगळा वर्ग हसला. लेथवाल्याची मुलगी हसली नाही. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, चेकची मुदत तीन महिने. त्यानंतर तो शिळा. बँक घेत नाही. "परत आलेल्या चेकवर निदान कारण लिहिलेलं असतं," ते सांगत होते, "पैसे नाहीत, सही जुळत नाही, अक्षरात आणि आकड्यात फरक आहे. काहीतरी असतं. पण जो कुणी बँकेत टाकलाच नाही, त्याला..." इथं ते विसरले, पुढे काय सांगायचं होतं. एरवी ते कधी विसरत नसत. मुलं वाट बघत राहिली. खाली झेरॉक्सचं मशीन घरघरत होतं. मग त्यांनी फळा पुसला आणि तास लवकर सोडला.

त्या मुदतीत लेथवाला दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा हातात थोडे पैसे आणि मान खाली. मास्तर पैसे घेत आणि चहा पाजत. बंद मशीन सुरू झालं का, विचारत. झालं नव्हतं.

मुदत संपली त्या दिवशी मास्तर बँकेतून आले. चपला काढल्या आणि भिंतीशी बसले. विचारायची गरज नव्हती. बाईंनी भात वाढला, ताट पुढे ठेवलं. मांजर मध्ये येऊन बसली, आपल्याला काही निरोप आहे का म्हणून. निरोप नव्हता.

बाई आत गेल्या, कपाटातून चेकबुक घेऊन आल्या आणि ताटाशेजारी ठेवलं.

"जेवून घ्या," त्या त्यांच्याकडे बघून म्हणाल्या. "मग नवा लिहा. तारीख आजची घाला."